फोटोतून काय काढायचं, काय घालायचं: फोटोग्राफी क्लबातलं भाषण कसं तयार करावं

"फोटोत काय बदललेलं चालतं?" या विषयावर शाळेतली मुलं साधारण दोन प्रकारची भाषणं करतात. एका भाषणात एडिटिंग म्हणजे शुद्ध फसवणूक असते. दुसऱ्यात फोटो ही कला असते आणि कलेला बंधन नसतं. टाळ्या दोन्हींना पडतात. मग तिसऱ्या रांगेतला एखादा मुलगा मोबाइल पुढे करतो आणि विचारतो, "ही वायर पुसली तर चालेल का?" वक्ता गप्प होतो, कारण त्याच्या भाषणात वायरीला जागाच नव्हती.

पुण्यातल्या एका शाळेच्या फोटोग्राफी क्लबात मी मुलांच्या तालमी घेते. ही चूक इतक्या वेळा पाहिली की अखेर पायऱ्या लिहून काढल्या. खाली त्या पाच मिनिटांच्या भाषणासाठी दिल्या आहेत. क्रम मोडू नका. बहुतेक मुलं आधी भाषण लिहितात आणि मग फोटो शोधतात, आणि सगळी गडबड तिथूनच सुरू होते.

## १. विषय एका फोटोवर आणा

पाच मिनिटांत दहा उदाहरणं दाखवली तर एकही लक्षात राहत नाही. एकच फोटो घ्या, तोही स्वतः काढलेला. इंटरनेटवरून घेतलेल्या फोटोची मूळ फाइल तुमच्याकडे नसते. मूळ फाइल नसेल तर काय काढलं आणि काय घातलं हे तुम्ही फक्त सांगू शकता, दाखवू शकत नाही.

फोटोत काढून टाकावंसं वाटेल असं निदान तीन-चार ठिकाणी काहीतरी हवं, आणि ती कारणं वेगवेगळी हवीत. आमच्या आठवीतल्या एका मुलीचा फोटो या कामाला फार चांगला निघाला, म्हणून पुढे सगळीकडे तोच घेते. हिवाळ्यातल्या एका रविवारी सकाळी आम्ही सोलापूर रस्त्यावर कवडीपाटला गेलो होतो. मुळा-मुठेच्या उथळ पाण्यात एक शेकाट्या उभा होता. पांढरं अंग, काळे पंख, काडीसारखे लांब गुलाबी पाय. फोटो सुरेख आला, पण घरी मोठ्या पडद्यावर पाहिल्यावर त्यात चार नकोशा गोष्टी दिसल्या:

- वरच्या कोपऱ्यात पाण्यावर एक करडा, धूसर कडांचा ठिपका
- पक्ष्याच्या एका पायावरून आडवं गेलेलं, अगदी जवळचं म्हणून धूसर दिसणारं गवताचं पातं
- पक्ष्यापासून वीतभर अंतरावर तरंगणारी दुधाची रिकामी पिशवी आणि तिचं पाण्यातलं प्रतिबिंब
- उजव्या कडेला दुसऱ्या शेकाट्याची अर्धवट कापलेली शेपटी

ती म्हणाली, "मॅडम, चारही पुसते. दोन मिनिटांचं काम आहे." काम खरंच दोन मिनिटांचं होतं. पण चारही गोष्टींचं उत्तर वेगळं आहे, आणि भाषण त्या फरकावरच उभं राहतं.

तपासा: तुमच्या फोटोतल्या नकोशा गोष्टी मोजा. सगळ्यांचं उत्तर "काढा" असेल किंवा सगळ्यांचं "ठेवा" असेल, तर दुसरा फोटो निवडा.

## २. भाषण लिहिण्याआधी फाइली गोळा करा

तीन गोष्टी लागतात. पहिली, कॅमेऱ्यातून आलेली मूळ फाइल, हात न लावलेली. रॉ असेल तर उत्तम, नसेल तर कॅमेऱ्याने दिलेली जेपेग. व्हॉट्सअ‍ॅपवरून स्वतःलाच पाठवलेला फोटो मूळ नव्हे, तो वाटेत लहान झालेला असतो. कार्डवरून केबलने किंवा कार्ड रीडरने घ्या.

दुसरी, त्या फोटोच्या आधीचे आणि नंतरचे दोन-तीन फ्रेम. मुलं हे फ्रेम "बरे आले नाहीत" म्हणून लगेच उडवतात. उडवू नका. मोठ्या स्पर्धांचे परीक्षक संशय आला की मूळ फाइलबरोबर आजूबाजूचे फ्रेमही मागतात. आपल्यालाही ते पुढच्याच पायरीत लागणार आहेत.

तिसरी, तुमचा बदललेला फोटो. मूळ फाइलवर कधीही काम करू नका, आधी तिची प्रत काढा. आणि चारही बदल एकाच प्रतीत करून ठेवू नका. एक बदल, एक प्रत. भाषणात तुम्हाला एकेक गोष्ट काढून दाखवायची आहे.

```
0_mool.jpg
1_thipka.jpg
2_paate.jpg
3_pishvi.jpg
4_crop.jpg
```

सावध: फोटोत ओळखू येणारं माणूस असेल, विशेषतः वर्गातलं मूल, तर त्याला आणि त्याच्या पालकांना आधी विचारा. दुसऱ्याचा पुसलेला फोटो "बघा, हा खोटा" म्हणून भाषणात दाखवू नका. चूक दाखवायची असेल तर स्वतःच्या फोटोवर करून दाखवा.

## ३. प्रत्येक गोष्टीला एकच प्रश्न विचारा: ही लेन्ससमोर होती का?

भाषणाचा कणा हाच. जे दिसतंय ते लेन्ससमोर होतं, की कॅमेऱ्यातच तयार झालं?

करड्या ठिपक्यापासून सुरुवात करा. तो सेन्सरवर बसलेल्या धुळीच्या कणाचा आहे. पण "तो धुळीचा आहे" असं म्हणून थांबू नका, ते सिद्ध करा. इथे आधीचे-नंतरचे फ्रेम कामाला येतात. त्या मुलीकडे ओळीने तीन फ्रेम होते. पहिल्यात पक्षी डावीकडे, दुसऱ्यात मधोमध, तिसऱ्यात तिने कॅमेरा वळवल्यामुळे पक्षी चौकटीबाहेर जायच्या बेतात. पक्षी सरकला, पिशवी सरकली, गवत सरकलं. ठिपका मात्र तिन्ही फ्रेममध्ये त्याच जागी, वरच्या कोपऱ्यापासून तितक्याच अंतरावर. नदीवरची कुठलीच गोष्ट अशी वागत नाही. ठिपका नदीवर नव्हताच, तो कॅमेऱ्यात होता. हे तीन फ्रेम पडद्यावर एकामागून एक दाखवले की सभागृहाला वेगळं काही समजावून सांगावं लागत नाही.

ठिपका त्याच दिवशी का दिसला, हेही सांगता आलं पाहिजे, कारण कोणीतरी विचारतंच. तिने आधी नदीचं रुंद दृश्य घेताना अ‍ॅपर्चर `f/16` ठेवलं होतं, ते तसंच राहून गेलं. अ‍ॅपर्चर जितकं लहान तितकी धुळीची सावली सेन्सरवर घट्ट पडते. `f/4` ला तोच कण धूसर होऊन बहुधा दिसेनासा होतो. घरी करून पाहायचं असेल तर `f/16` किंवा `f/22` लावा, फोकस मुद्दाम बिघडवा आणि कोऱ्या आकाशाचा फोटो काढा. जे ठिपके दिसतील ते तुमचे स्वतःचे.

म्हणून ठिपका पुसणं प्रामाणिक आहे. बातमीच्या आणि निसर्गाच्या कडक स्पर्धांतही सेन्सरवरची धूळ आणि स्कॅन केलेल्या निगेटिव्हवरचे ओरखडे काढायला परवानगी असते. अंधारात काढलेल्या फोटोतले रंगीत कण आणि काळ्या फांदीच्या कडेला लेन्समुळे येणारी जांभळी रेघ याच घरातल्या.

सावध: ही कसोटी चांगली आहे, पण सगळीकडे पुरत नाही, आणि ते भाषणात मोकळेपणाने सांगा. फ्लॅशमुळे डोळे लाल येतात ते बघा. फ्लॅशचा उजेड डोळ्याच्या आतल्या, रक्तवाहिन्यांनी भरलेल्या पडद्यावरून परत येतो म्हणून डोळ्यातली बाहुली लाल दिसते. समोर बसलेल्या माणसाचे डोळे आपल्याला लाल दिसले नव्हते, तेव्हा वाढदिवसाच्या फोटोत ती लाली काढणं मला अगदी योग्य वाटतं. पण असोसिएटेड प्रेस ही वृत्तसंस्था आपल्या छायाचित्रकारांना लाल डोळे काढायलाही मनाई करते. कारण समजण्यासारखं आहे: डोळ्याला हात लावायची मुभा दिली की पुढे कुठे थांबायचं ते ठरवणं अवघड होतं.

## ४. पिशवी: इथे वेळ घ्या

दुधाची पिशवी लेन्ससमोर होती. ती काढली तर काय होतं, हे भाषणात सगळ्यात सावकाश सांगायचं. माझ्या मते पाचपैकी दीड मिनिट इथेच जायला हवं.

पहिली गोष्ट, काढणं म्हणजे नुसतं काढणं नसतं. पिशवीच्या मागचं पाणी कॅमेऱ्याने पाहिलेलंच नाही. पिशवी पुसली की तिथे भोक पडतं आणि ते शेजारचं पाणी उचलून बुजवावं लागतं. क्लोन स्टॅम्प वापरा, हीलिंग ब्रश वापरा, की मोबाइलमधलं वस्तू पुसायचं बटण दाबा, होतं हेच. म्हणजे लेन्ससमोरची गोष्ट काढताना तुम्ही तिच्या जागी दुसरं काहीतरी घालत असताच. विषयातले "काढणं" आणि "घालणं" हे दोन शब्द इथे एक होतात. हे वाक्य भाषणात अवश्य ठेवा, मुलांना ते एकदम पटतं.

गवताच्या पात्याचंही हेच, फक्त जरा अवघड. पातं पायावरून गेलेलं आहे, म्हणून ते काढायचं तर पायाचा तेवढा तुकडा आपण रचायचा. शेकाट्याचा गुडघ्यासारखा दिसणारा सांधा पायाच्या साधारण मध्यावर असतो. त्या मुलीने पुसलं तेव्हा नेमका तो सांधाच गेला आणि पाय सरळ नळीसारखा झाला. पक्षी ओळखणाऱ्याला ते एका नजरेत कळलं असतं. पात्यावरचा खरा उपाय नदीवरच होता: एक पाऊल डावीकडे सरकायचं.

दुसरी गोष्ट, पिशवी गेली की फोटो काय सांगतो ते बदलतं. पिशवीसह फोटो म्हणतो, शहरातून येणाऱ्या घाण पाण्यात हा पक्षी अन्न शोधतोय. पिशवीशिवाय तोच फोटो स्वच्छ नदी दाखवतो. खाली "कवडीपाट, मुळा-मुठा" लिहिलं असेल तर तुम्ही एका खऱ्या जागेबद्दल खोटी माहिती दिलीत. पातं काढल्याने नदी बदलली नव्हती, पिशवी काढल्याने बदलली. म्हणून दोन्ही लेन्ससमोरच्या असूनही पिशवीचं वजन जास्त आहे. तरी निसर्गछायाचित्रांच्या स्पर्धेत दोन्हींना मनाई. तिथली व्याख्या सरळ आहे: चित्रातली कुठलीही गोष्ट घालायची नाही, हलवायची नाही, बदलायची नाही, आणि क्रॉप सोडून दुसऱ्या कुठल्याही मार्गाने काढायची नाही.

मग पिशवी कधी काढता येते? त्याच फोटोचं तिला आजोबांसाठी शुभेच्छापत्र करायचं होतं. त्यावर जागेचं नाव नाही, बातमी नाही, स्पर्धा नाही. तिथे काढावी, माझी काहीच हरकत नाही. बघणाऱ्याला आपण काय म्हणून फोटो देतो, त्यावर उत्तर ठरतं.

तपासा, पुसलेलं कसं ओळखू येतं: `3_pishvi.jpg` पडद्यावर मोठा करून चार जागा दाखवा. एक, प्रतिबिंब. पिशवी पुसतात आणि पाण्यातली तिची पांढरी छाया तशीच राहते. त्या मुलीचं पहिल्यांदा हेच झालं, पक्ष्याशेजारी कशाचंही नसलेलं प्रतिबिंब लवलवत होतं. दोन, तीच लाट पुन्हा पुन्हा. क्लोन केलेल्या जागी सारखेच दोन-तीन तरंग ओळीने दिसतात. तीन, पोत. आजूबाजूला बारीक दाणे आणि पुसलेल्या जागी गुळगुळीत डाग. चार, कड. पिशवीला टेकलेली काडी किंवा फेस मध्येच कापल्यासारखा संपतो.

## ५. क्रॉप आणि अंधार: दोन पळवाटा

कडेची अर्धी शेपटी क्रॉपने गेली. ती पण लेन्ससमोर होती, मग क्रॉप का चालतो? हा प्रश्न सभागृहातून येणारच, तेव्हा भाषणातच त्याचं उत्तर द्या. क्रॉप करताना आपण काही रचत नाही. जे उरतं ते सगळं कॅमेऱ्याने पाहिलेलं असतं. शिवाय प्रत्येक फोटोला चौकट असते आणि चौकटीबाहेर जग असतं हे बघणाऱ्याला माहीत असतं. दोन पावलं पुढे जाऊन फोटो काढला असता तरी शेपटी आली नसती.

पण क्रॉपही खोटं बोलू शकतो, आणि बहुतेक वेळा फोटोखालच्या ओळीतून बोलतो. दुसरी शेपटी कापल्यावर त्या मुलीने फोटोखाली लिहिलं होतं, "एकाकी". काठावर तेव्हा अकरा शेकाटे होते, आम्ही मोजले होते. फोटोला दोष नाही, "एकाकी" ही ओळ खोटी. तिने ती बदलून "शेकाट्या, कवडीपाट" केली आणि प्रश्न मिटला.

दुसरी पळवाट उजेड-अंधाराची. संपूर्ण फोटो थोडा उजळणं, काँट्रास्ट वाढवणं, पांढऱ्या पिसांतला तपशील परत आणणं, हे सगळं चालतं. पण काही मुलं पिशवीवर ब्रश फिरवत तिला इतकी काळी करतात की ती पाण्यात मिसळून जाते, आणि म्हणतात, "मी पुसलं नाही, फक्त गडद केलं." मूळ फोटोत जी गोष्ट ओळखू येते ती शेवटच्या फोटोत ओळखू येत नसेल, तर ती काढली असंच धरा.

## ६. घालणं: थोडक्यात सांगा

मुलं इथे आकाश बदलण्यावर दोन मिनिटं घालवतात. गरज नाही. दुसऱ्या दिवसाचं आकाश किंवा दुसऱ्या फ्रेममधला पक्षी चिकटवणं हे घालणं आहे, ते सगळ्यांना कळतं. एक-दोन वाक्यांत पुढे जा.

जे कळत नाही ते दाखवा. शेकाट्याच्या डोळ्यात उजेडाचा पांढरा बिंदू नव्हता, कारण ऊन त्याच्या पाठीमागून होतं. तो बिंदू ब्रशने ठेवला की पक्षी जिवंत वाटतो, आणि असं करायला बरीच मंडळी सर्रास सांगतात. माझं मत वेगळं आहे. बिंदू मूळ फाइलमध्ये अंधुक का होईना असेल तर तो उजळा. नसेल तर ठेवू नका, कारण त्या क्षणी तिथे उजेड नव्हता. शोधण्याची पद्धत सोपी: मूळ फाइलचा एक्स्पोजर खूप वाढवून डोळ्यावर झूम करा. बिंदू असेल तर तेव्हा दिसतोच.

आणखी एक प्रश्न मोबाइलवाल्यांकडून येईल. रात्रीच्या मोडमध्ये फोन स्वतःच अनेक फ्रेम एकत्र करतो, मग ते घालणं नाही का? एकाच जागेचे, लागोपाठ घेतलेले फ्रेम उजेड किंवा फोकस नीट यावा म्हणून एकत्र केले तर निसर्गस्पर्धाही ते मान्य करतात. समोर नसलेलं काही त्यात येत नाही. दहा मिनिटांनी आलेला पक्षी आधीच्या फ्रेममध्ये बसवला तर ते घालणं झालं, जागा तीच असली तरी.

## ७. बाहेरचं उदाहरण एकच घ्या

स्वतःचा फोटो दाखवून झाल्यावर खऱ्या जगातलं एक उदाहरण द्या, म्हणजे हा नुसता शाळेतला नियम नाही हे कळतं. उदाहरण असं निवडा की ज्यात काय चाललं आणि काय चाललं नाही हे दोन्ही एकाच फोटोत दिसेल. मी हे सुचवते.

२०१० साली वर्ल्ड प्रेस फोटो या स्पर्धेत स्टीपान रुदिक या युक्रेनच्या छायाचित्रकाराला क्रीडाविभागात तिसरं बक्षीस मिळालं होतं. युक्रेनमधल्या रस्त्यावरच्या मारामाऱ्यांची ती फोटोमालिका होती. तिच्यातल्या एका फोटोत एका हाताला पट्टी बांधली जातेय. परीक्षकांनी मूळ फाइली मागवल्या. मूळ फोटो रंगीत आणि बराच रुंद होता. त्याचा मोठा भाग क्रॉप केला होता, तो कृष्णधवल केला होता, कडा गडद केल्या होत्या. त्यासाठी त्याला बाद केलं गेलं नाही. पण हाताजवळ मागच्या माणसाच्या पावलाचा छोटासा तुकडा दिसत होता, तो पुसला होता. तेवढ्यासाठी बक्षीस गेलं.

भाषणात हे सांगताना "इतक्याशा चुकीला इतकी शिक्षा" अशी हळहळ व्यक्त करत बसू नका. त्यातला फरक दाखवा: क्रॉपमध्ये फोटोचा केवढा तरी भाग गेला ते चाललं, कारण उरलेलं सगळं कॅमेऱ्याने पाहिलेलं होतं. पावलाच्या जागी जे आलं ते कॅमेऱ्याने पाहिलेलं नव्हतं. क्रॉप का चालतो हे सभागृहाने आधीच ऐकलेलं असतं, त्यामुळे हे लगेच जुळतं. म्हणूनच हे उदाहरण सुरुवातीला घेऊ नका.

## ८. आता लिहा

शांतपणे बोललं तर मराठीत मिनिटाला शंभर ते सव्वाशे शब्द होतात. फोटो बदलायला वेळ जातो, म्हणून पाच मिनिटांसाठी साडेचारशे शब्दांच्या वर जाऊ नका.

"सन्माननीय व्यासपीठ, पूज्य गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्रांनो" ही सुरुवात सोडा. त्यात वेळ जातो आणि तोवर मागची रांग गप्पांना लागते. "नमस्कार" म्हणा आणि मूळ फोटो लावा.

बरीच मुलं आधी पुसलेला फोटो दाखवून, वाहवा मिळवून मग "फसलात!" म्हणतात. मला हे आवडत नाही. सभागृहाला फसवून प्रामाणिकपणावर बोलायला सुरुवात होते, आणि नंतर लोकांना फजिती आठवते, ती कशावरून झाली ते आठवत नाही. सुरुवात साधारण अशी असावी:

"नमस्कार. हा शेकाट्या मला कवडीपाटला भेटला. फोटोत मला चार गोष्टी नको आहेत: हा ठिपका, हे पातं, ही पिशवी आणि ही शेपटी. चारही मी दोन मिनिटांत पुसू शकते. यातली कुठली पुसली तर मी तुमच्याशी खरं बोलत असेन? ठिपक्यापासून बघू. हे तीन फोटो मी लागोपाठ काढले. पक्ष्याकडे बघू नका, ठिपक्याकडे बघा."

त्यानंतरचा क्रम: ठिपका, शेपटी, पातं, पिशवी. सोप्याकडून अवघडाकडे. मग डोळ्यातला बिंदू, मग रुदिकचं पाऊल. आणि शेवटी तोच फोटो, तुम्ही ठरवलेल्या रूपात, खाली लिहिलेल्या ओळीसह.

सावध: "फोटोशॉप केलेला" हा शब्द वापरू नका. त्यात ठिपका काढणं आणि पिशवी काढणं एकाच पोत्यात जातं. "पुसला", "उजळला", "कापला", "चिकटवला" असं नेमकं क्रियापद वापरा. मुलांचं निम्मं भांडण या एका शब्दामुळे होतं.

## ९. सभागृहात जाऊन तालीम करा

घरच्या स्क्रीनवर स्पष्ट दिसणारा करडा ठिपका शाळेच्या प्रोजेक्टरवर दिसत नाही. खिडक्यांतून ऊन येतं, पडदे अर्धे असतात. तेव्हा ठिपक्याभोवतीचा भाग मोठा करून त्याची वेगळी स्लाइड करा. तिन्ही फ्रेममधून तोच कोपरा, तेवढाच आकार कापा, म्हणजे ठिपका हलत नाही हे दिसेल.

मूळ आणि पुसलेला फोटो शेजारी-शेजारी ठेवू नका. दोन्ही लहान होतात आणि मागच्यांना फरक कळत नाही. एकाच जागी, एकाच आकारात एकामागून एक लावा. बटण दाबलं की पिशवी नाहीशी, पुन्हा दाबलं की परत. हे दोनदा करा आणि तेवढा वेळ बोलू नका.

तपासा: शेवटच्या रांगेत एका मित्राला बसवा आणि विचारा, पिशवी कुठे होती? बोट दाखवता आलं नाही तर फोटो आणखी मोठा करा.

## १०. प्रश्नांची तयारी

तीन प्रश्न जवळजवळ ठरलेले असतात.

"पिशवी आधीच हाताने उचलून मग फोटो काढला तर?" कचरा जरूर उचला, पण पक्ष्याला उडवून नाही. त्यानंतरचा फोटो त्या क्षणापुरता खरा असतो. पण नदीची स्थिती दाखवणारा फोटो म्हणून तो देऊ नका, किंवा देताना "आजूबाजूचा कचरा उचलल्यानंतर" असं लिहा. पातं मोडणं वेगळं. त्याच्यामागे घरटं असेल तर तुम्ही ते उघडं पाडता, म्हणून ते करूच नका.

"पिशवीमुळे माझा फोटो स्पर्धेत मागे पडला तर?" पडू शकतो. याला गोड उत्तर देऊ नका. पिशवीशिवायचा कोन मिळतो का ते बघायला पुन्हा कवडीपाटला जा. ती मुलगी दोन आठवड्यांनी गेली. पिशव्या तेव्हाही होत्या, पण पक्षी पलीकडच्या वाळूवर होता आणि चौकटीत वाळूच आली. तो फोटो तिने स्पर्धेला दिला, पिशवीचा क्लबाच्या भिंतीवर लावला.

"मग पुसलेला फोटो कधीच लावायचा नाही का?" लावा, पण ओळ लिहून. प्रदर्शनात आम्ही फोटोखाली तीनपैकी एक ओळ लावतो:

- "जसा पाहिला तसा. धूळ काढली, कापला, उजळला."
- "यात काही पुसलं आहे: डावीकडची पिशवी."
- "दोन फोटो जोडून केलेलं चित्र."

दुसऱ्या ओळीत काय पुसलं ते नाव घेऊन लिहायचं, "किरकोळ बदल" असं नाही. ओळ फोटोइतक्याच उंचीवर लावा, खाली जमिनीजवळ नको. आणि `0_mool.jpg` पेनड्राइव्हमध्ये खिशात ठेवा. कोणीतरी "मूळ दाखव ना" म्हणतं, आणि तेव्हा ती फाइल घरच्या कॉम्प्युटरवर असून उपयोग नाही.